‘ना’वरचं रिकामं घर

मात्राबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. गाण्याच्या शाळेतल्या पोरींनी ते ठेवलं होतं, कारण बोलता बोलताही तिची बोटं मांडीवर मात्रा मोजत असायची. चहाला उकळी यायला किती आवर्तनं लागतात हे ती सांगू शकायची, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायची. शिकवायला मात्र ती बसत नसे. जुन्या, हाताने लिहिलेल्या बंदिशी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, हे तिचं काम. वर सुरांची ओळ, खाली शब्दांची, आणि प्रत्येक अक्षर आपापल्या सुराच्या बरोब्बर खाली. इतर लोक स्पेस दाबून दाबून अक्षरं सरकवतात. मग कुणीतरी फॉन्ट बदलतं आणि अख्खं गाणं घरंगळत जातं. मात्राबाई तक्ता आखायची. एका मात्रेला एक घर. घरांच्या भिंती छापल्यावर दिसत नाहीत, पण शेजारच्या मात्रेत पाय टाकायची कुणाची टाप नसते.

त्या दिवशी तिच्यासमोर माईंचा कागद होता.

माई म्हणजे तिच्या गुरू. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. शाळेने त्यांच्या नावाने बंदिशींचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा लक्षात आलं की माईंच्या गळ्याची एकही रेकॉर्डिंग कुणाकडे नाही. ‘मशीन लावलं की माझा गळा परक्यासारखा वागतो,’ असं म्हणून त्यांनी जन्मभर सगळ्यांना वाटेला लावलं होतं. त्यांनी स्वतः बांधलेली बंदिशही एकच, भीमपलासीतली. तीही कुणाला शिकवायची राहून गेली. एवढा हा कागद, बस्स. यात जे चुकेल ते कायमचं चुकणार होतं, कारण विचारायला आता कुणी नव्हतं.

कागद आणून दिला होता माईंच्या यजमानांनी. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांची सगळी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली होती, आणि सुरांशी त्यांचं काडीचंही सख्य नव्हतं. कागदावर दोन हात दिसत होते. शब्द माईंच्या शाईतले, धडधाकट असतानाचे, ओळीला सोळा मात्रा मोजून मांडलेले, अक्षर लांबवायचं तिथे ऽ. वरचे सूर मात्र पेन्सिलीतले, अण्णांचे. माई अंथरुणाला खिळल्यावर त्या सूर म्हणून सांगत आणि अण्णा ते शब्दांच्या डोक्यावर लिहीत. उभ्या रेघाही अण्णांच्याच, पट्टी लावून मारलेल्या, ओळंब्यात.

रेघा सरळ होत्या, पण जागेवर नव्हत्या.

तीनताल म्हणजे चार-चार मात्रांचे चार विभाग. चार झाल्या की रेघ, पुन्हा चार झाल्या की रेघ. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे कळतं. इथे पहिली ओळ आठावर तुटली होती. दुसरीत सहा, सहा आणि चार. अंतऱ्यात तर ताळतंत्रच सुटलं होतं. शेवटची ओळ अशी होती:

नि॒ ध प म | प – ग॒ | म ग॒ रे | सा सा | म ग॒ | रे |
सां ऽ ज स | रे ऽ तू | ऽ अ जू | ऽ न | ये ऽ | ऽ | ना

‘सांज सरे, तू अजून ये ना.’ लाडिक शब्द, माईंच्या तोंडी शोभणारे. पण शेवटच्या ‘ना’वर सूरच नव्हता. वरची जागा कोरी.

“अण्णांना कुठला ताल कळायला,” मात्राबाई स्वतःशीच म्हणाली. तिने रेघा काढून टाकल्या आणि चार-चारावर नव्या मारल्या. ‘ना’च्या डोक्यावर ‘सा’ घातला. म, ग, रे असं उतरत आल्यावर माणूस सा-वरच येणार, दुसरीकडे जाईल कुठे?

मग खात्री करायला म्हणून तिने मूळ कागद पुढ्यात घेतला. जशा रेघा आहेत तशाच पाळून ती ओळ हलक्या आवाजात गायली. रेघ आली की थांबायचं, पुढे जायचं. दुपारची वेळ, शाळा रिकामी, वर पंखा. तिसऱ्या रेघेपाशी तिला धाप लागली. शेवटाला ‘ये’ म्हणून ती थांबली, आणि त्या थांबण्यात कुणीतरी श्वास घेतला.

तिने पंखा बंद केला. कॉम्प्युटरही बंद केला. पुन्हा तीच ओळ, तशीच तुटत तुटत. पुन्हा तेच: थांबायची ती, आणि हवा ओढायचं दुसरंच कुणीतरी, अगदी उशाजवळून ऐकू यावं तसं. मात्राबाई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिने कागद फाईलमध्ये घातला, चपला अडकवल्या, आणि दार ओढून घेताना आत वळून बघितलं नाही. पण रस्ताभर तिची पावलं चार, तीन, तीन, दोन अशी पडत राहिली, आणि ती सरळ करायला तिला जाणीवपूर्वक चालावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती छापील प्रत आणि मूळ कागदाची फाईल घेऊन अण्णांकडे गेली. बैठकीच्या खोलीत तानपुरा गवसणीत उभा होता आणि नकाशांचं जुनं टेबल खिडकीशी होतं. अण्णांनी चष्मा लावला, प्रत टेबलावर पसरली आणि त्यावर पट्टी ठेवली.

“रेघा हलल्यात,” ते म्हणाले.

“हलल्या नाहीत अण्णा, मी हलवल्यात. तीनताल आहे ना हा. चारावर रेघ यायला हवी.”

“मी जिथे मारली होती तिथून का हलवलीस?”

“तिथे येतच नाही ती. मुलींना हातावर टाळी कशी देता येईल? आधी आठावर, मग सहावर, शेवटी एकावर…”

“ताल मला कळत नाही,” अण्णा म्हणाले. “ती मला म्हणाली, मी थांबले की रेघ मार. ती थांबली, मी मारली.”

मात्राबाईची बोटं मांडीवर होती तिथेच थांबली. माईंना म्हणायचं होतं, विभाग संपला की मी थांबेन. पण म्हणता म्हणता त्या श्वास संपेल तिथे थांबत गेल्या. पहिल्या ओळीला आठ मात्रा पुरल्या होत्या, मग सहा, मग चार, आणि शेवटी एकच. तिने चुकीचा समजून सुधारलेला तो कागद म्हणजे एका माणसाचा संपत चाललेला श्वास होता, पट्टी लावून मोजलेला.

आता हे अण्णांना सांगायचं कसं? ती खाली बघत म्हणाली, “अण्णा, त्या रेघा म्हणजे…”

“मला माहीत आहे कशाच्या आहेत,” अण्णा म्हणाले. “मी बसलो होतो ना तिथे.”

मग अण्णांनी पट्टी शेवटच्या घरापाशी सरकवली. “आणि हा सा कुठून आला?”

“तिथे काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी…”

“लिहिलं नव्हतं, कारण म्हटलं नव्हतं.”

“पण तिथे साच येणार, अण्णा. कुणीही तेच म्हणेल.”

“कुणीही म्हणेल,” अण्णांनी मान डोलावली. “तीच म्हणाली असती का?”

मात्राबाईला माईंचा वर्ग आठवला. समोरच्या पोरी हमखास सा-वर येऊन टेकायच्या, आणि माई चिडवायच्या, ‘काय गं, घरी गॅस चालू ठेवून आलीस? एवढी कसली घाई सा-ची?’ स्वतः गाताना त्या नि-वर नाही तर रे-वर रेंगाळत राहायच्या, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायच्या, आणि मग गालातल्या गालात हसायच्या. ‘ना’वर माईंनी काय घेतलं असतं, हे सांगायची मात्राबाईची छाती नव्हती. तिने मेलेल्या बाईच्या तोंडात आपला सूर कोंबला होता, आणि तोही सगळ्यांत सोपा.

“म्हणून दाखव,” अण्णा म्हणाले.

“छापलंय तसं?”

“नाही. माझ्या कागदावर आहे तसं.”

“नको अण्णा.”

“मला गाता येत नाही गं. तुला देईपर्यंत रोज तो कागद काढायचो आणि बघत बसायचो, तर नुसती अक्षरं दिसायची. एकदाच म्हण.”

नाही म्हणणं तिला जमलं नाही. तिने तानपुरा काढला नाही. सुरासाठी नुसतं गुणगुणून घेतलं आणि सुरुवात केली. आठ मात्रा, थांबली. आठ, थांबली. अण्णांनी डोळे मिटले होते. अंतऱ्यावर आल्यावर त्यांची तर्जनी टेबलावर हलायला लागली. ती थांबली की बोट वरून खाली एक उभी रेघ ओढायचं. कागद दोघांच्याही समोर नव्हता, पण एकही रेघ चुकत नव्हती. खोलीत तो श्वास आला होता. या वेळी मात्राबाईने तो कुठून येतो हे शोधलं नाही. ती थांबायची आणि त्याला जागा द्यायची. ‘तू’वर थांबली. ‘जू’वर थांबली. ‘न’. ‘ये’ लांबवून थांबली. रे-वर एकच मात्रा, आणि थांबली.

बोटाने रेघ ओढली. मग ते बोट टेबलावरून उचललं गेलं आणि तसंच अधांतरी राहिलं, पुढच्या सुराची वाट बघत. अण्णांचा चेहरा हळूहळू सुरकुतला. ते लहान मुलासारखे रडले, आवाज न करता, आणि मात्राबाईला त्यांच्याकडे बघवेना.

थोड्या वेळाने त्यांनी चष्मा पुसला. तिने केलेली छापील प्रत पुन्हा पुढे ओढली आणि चाराच्या रेघांवरून एकेक करून बोट फिरवलं.

“या बरोबर आहेत म्हणतेस?”

“हो.”

“मग याच ठेव. पोरींना इतक्या ठिकाणी थांबायला लावू नकोस. त्यांना काय झालंय?”

“आणि तुमचा कागद?”

“तो माझ्याकडे राहील.” मग त्यांनी शेवटच्या घरावर बोट टेकवलं. “इथलं तेवढं काढ.”

“पण अण्णा, पोरी तिथे काय म्हणतील?”

“तू शिकव ना, तिने काय केलं असतं ते. दर वेळी वेगळं शिकव. पण छापू नकोस.”

मात्राबाई शाळेत परतली आणि कॉम्प्युटर लावला. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या घरात जाऊन तिने ‘सा’ पुसला. साधी स्पेस दाबून लिहिलं असतं, तर कुणी फॉन्ट बदलताच ‘ना’ शेजारच्या सुराखाली घरंगळला असता आणि ती जागा बुजली असती. तक्त्यात तसं होत नाही. ‘ना’ जिथल्या तिथे राहिला, त्याच्या डोक्यावर एका मात्रेएवढी कोरी जागा राहिली, आणि रिकाम्या शाळेत तिने ती ओळ एका श्वासात म्हटली, ‘ये’पर्यंत, आणि पुढचा सूर आपल्याला ऐकू येतो का म्हणून थांबली.