बाहुली किती मोठी होती?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा एक नियम होता आणि त्या नियमाचा त्यांना मोठा अभिमान होता. साखरेचा रुग्ण दारात आला की आधी थेंब, मग बाकीचं. डोळ्याच्या आतला पडदा तपासायचा तर बाहुली मोठी व्हायला हवी, ती व्हायला वेळ लागतो, आणि बाईंना थांबणं माहीत नव्हतं. म्हणून बाहेरच्या बाकावरच मदतनीस सगळ्यांच्या डोळ्यांत औषध घालायची. रांग भराभर सरकायची. इतर विभागांतले लोक येऊन कौतुक करून जायचे.

त्या दिवशी सकाळी बाकावर त्यांची नणंदच बसली होती.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. शिवणकाम शिकवायची, जीभ कात्रीपेक्षा धारदार, आणि तब्येतीच्या तक्रारी बारमाही. कधी गुडघा, कधी छातीत धडधड, कधी पित्त. घरात सगळे तिला 'बातमीपत्र' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. हे नाव ठेवणाऱ्या होत्या वहिनीबाईच, म्हणजे आपल्या डॉक्टरीणबाई.

"ताई, तुम्ही? आणि न कळवता?" बाईंनी आत घेता घेता विचारलं.

"साखरेची वार्षिक तपासणी आहे ना माझी. आणि ही पापणी कालपासून उघडेना झालीय. झोप कमी झाली असेल."

डावी पापणी पूर्ण मिटलेली होती. बाईंनी अंगठ्याने ती वर उचलली आणि त्यांचा हात तिथेच थबकला. डोळा खाली आणि बाहेरच्या बाजूला वळून बसला होता. "नाकाकडे बघा," म्हटलं तर हलेना. "वर बघा," तरी हलेना.

मग त्यांनी बाहुली बघितली. मोठी, काळीभोर. उजवी बघितली. तीही तितकीच मोठी.

"यांच्या डोळ्यांत थेंब घातलेस?" त्यांनी दाराकडे बघून विचारलं.

"हो, दोन्हीकडे दोनदा," मदतनीस म्हणाली. "तुमच्याच नियमाप्रमाणे."

"घालायच्या आधी बाहुली कशी होती?"

मदतनीस गोंधळली. "पापणी उचलली आणि घातलं. बघितलं नाही हो."

तिने का बघावं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाई स्टुलावर बसल्या. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. मानेतून वर आलेल्या मोठ्या धमनीला मागच्या बाजूच्या धमनीशी जोडणारी एक बारीक फांदी फुटते. नेमक्या त्या फाट्यावर भिंत कमजोर असली तर तिला फुगा येतो. पापणी उचलणारी आणि डोळा फिरवणारी नस त्या फुग्याला अगदी खेटून जाते. बाहुली लहान करणारे धागे त्या नसेच्या अंगावर, वरच्या थरात असतात. फुगा दाबायला लागला की आधी तेच मरतात आणि बाहुली मोठी होऊन बसते. साखरेमुळे रक्त न पोचून नस उपाशी पडली तर मात्र आतला गाभा खचतो, वरचे धागे बहुतेक वाचतात आणि बाहुली शाबूत राहते. साखरेचं दुखणं काही महिन्यांत आपसूक बरं होतं. फुग्यात माणूस कधी जाईल याचा नेम नाही. दोन्हींतला फरक सांगणारी खूण म्हणजे ती बाहुली, आणि ती बाईंच्या नियमाने पुसून टाकली होती. औषध उतरायला संध्याकाळ होणार होती.

"ताई, डोकं दुखलं होतं का?"

"आता नाही फारसं."

"आता नाही. गेल्या काही दिवसांत?"

नणंद गप्प. तिचं गप्प बसणं बाईंनी लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"चार दिवसांपूर्वी," नणंद शेवटी म्हणाली. "कापडाचा तागा उचलायला वाकले आणि मानेच्या वर कुणीतरी दांडका घातल्यासारखं झालं. मी मागे वळून बघितलं देखील, कोण आहे म्हणून. एका क्षणात सुरू, आणि सुरू तेच सगळ्यात जोरात. उलटी झाली. मान दोन दिवस ताठ होती."

"अहो, मला फोन का नाही केलात?"

"केला असता, तर जेवताना सगळ्यांना ऐकवला असतास. माझाच आवाज काढून."

ते खरंच होतं. आवाज बाई अगदी हुबेहूब काढायच्या, आणि सगळे हसून हसून बेजार व्हायचे.

चाकाची खुर्ची मागवली. "चालत जाते की मी," नणंद म्हणाली, त्यावर बाईंनी "बसा!" असं इतक्या जोरात म्हटलं की ती मुकाट्याने बसली. जोर लावायचा नाही, खोकला दाबायचा, उठायचं नाही. पहिल्यांदा फुगा नुसता झिरपतो. दुसऱ्यांदा फुटतो तेव्हा बरेच जण रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. लिफ्ट येईपर्यंत बाईंनी बटण चार वेळा दाबलं.

वरच्या मजल्यावर स्कॅनवाले डॉक्टर भेटले. माणूस सरळ, पण लाकडासारखा. साधा स्कॅन लगेच झाला. पडद्यावर ते बराच वेळ बघत राहिले. "रक्त दिसत नाही."

"चार दिवस झालेत. पातळ होऊन धुऊन गेलं असेल."

"असेल. म्हणजे आता रंग टोचून धमन्यांचा स्कॅन काढायचा. पण यांच्या मूत्रपिंडाचा आकडा बघितलात? साखरेने आधीच खाल्लंय. रंगाने मूत्रपिंडं आणखी बिघडू शकतात. एमआरआय रंगाशिवाय झालं असतं, पण ते यंत्र परवापर्यंत बंद." त्यांनी चष्मा काढला. "एकच सांगा. बाहुली किती मोठी होती? मोठी असेल तर प्रश्नच नाही, आत्ता टोचतो. शाबूत असेल तर ही साखरेची नस. परवा एमआरआय करू."

'मोठी होती.' दोन शब्द. बोलून टाकले असते तर काम फत्ते आणि अब्रूही शाबूत. ते शब्द बाईंच्या जिभेवर आलेही होते. पण मूत्रपिंडं गेली, तर ती त्या खोट्यावर जाणार होती, आणि ती बाईंची नव्हती.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बघायच्या आधीच माझ्या विभागात थेंब घातले. माझाच नियम. खूण मी घालवली."

स्कॅनवाल्यांच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही?"

"हो, मी. आणि आता माझं म्हणणं ऐका. नस गेलीय, आणि चार दिवसांपूर्वी दांडका घातल्यासारखं डोकं दुखलंय. औषध उतरेपर्यंत थांबलो आणि तेवढ्यात फुगा फुटला तर? बाहुली माहीत नाही, तर ती मोठी होती असंच धरायचं."

त्यांनी चष्मा परत चढवला. "धरतो. पण धोका त्यांच्या कानावर घाला. हो म्हणायचं ते त्यांनी."

आता खरी परीक्षा होती. बाई ट्रॉलीपाशी गेल्या आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. फुगा असेल तर काय, रंगाने काय, बाहुलीचं काय झालं. नणंदेने उघड्या डोळ्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"म्हणजे घोळ तू घातलास आणि किडनी माझी जाणार?"

"हो."

"वा! आणि काहीच सापडलं नाही तर?"

"तर जन्मभर मला बोल लावा. मी ऐकून घेईन." बाईंनी डोळे पुसले. "ताई, हसले मी तुम्हाला, चुकले. पण तुम्ही मेलात तर मी कुणाशी भांडू हो? त्या घरात माझ्या तोडीचं दुसरं आहे कोण?"

ट्रॉली ढकलणारा माणूस भिंतीकडे बघू लागला. नणंदेने तोंड वाकडं केलं. हसू होतं की रडू, एकाच उघड्या डोळ्यावरून कळेना.

"टोचा," ती म्हणाली. "हिच्या रडण्याने दुसरा डोळा जायच्या आत टोचा."

रंग शिरला. पडद्यावर मेंदूखालचं ते कडं उजळलं. डाव्या बाजूला, धमनीच्या नेमक्या त्या फाट्यावर, वाटाण्याएवढा फुगा लटकत होता, आणि त्याच्या टोकाला आणखी एक इवलासा फुगवटा. तिथूनच रक्त झिरपलं होतं.

"परवापर्यंत थांबलो असतो," स्कॅनवाले पुटपुटले आणि त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

पुढचं सगळं धावपळीत झालं. रक्तदाब उतरवायला औषध लावलं, मेंदूच्या धमन्यांचे डॉक्टर आले, त्यांनी मांडीतून बारीक नळी घातली आणि मानेतून वर फुग्याच्या तोंडापर्यंत नेली. आता प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेची वेटोळी आत भरायची होती, म्हणजे रक्त आत शिरायचं थांबतं. पहिलं वेटोळं जाताना फुगा फुटू शकतो, हे बाईंना माहीत होतं आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला माहीत नव्हतं. तो बिचारा चहा आणू का विचारत होता. बाई काचेपलीकडे बघत उभ्या राहिल्या. पहिलं गेलं. दुसरं गेलं. मध्येच आतल्या डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, तेव्हा बाईंनी दाराची कडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. मग हात खाली आला आणि काम पुढे सुरू झालं. शेवटच्या चित्रात धमनी भरलेली होती, फांदीही भरलेली, आणि फुग्यात रंग शिरत नव्हता.

पुढचा आठवडा जपायचा होता, कारण सांडलेल्या रक्ताने बाकीच्या धमन्या आखडू शकतात. तसं काही झालं नाही. मूत्रपिंडाचा आकडा दोन दिवस चढला, बाईंची झोप उडवून गेला आणि उतरला. पापणी अजून मिटलेलीच होती. ती उघडायला महिने लागतील, असं सगळ्यांनी सांगितलं.

भाऊ भेटायला आला तेव्हा बाई सलाइनची नळी बघत बाजूला उभ्या होत्या.

"तुझ्या बायकोने ओळखलं," नणंद त्याला म्हणाली. "पापणी उचलली आणि बघताक्षणी ओळखलं. बाहुली बघूनच. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

भाऊ कौतुकाने बायकोकडे वळला. बाईंनी नणंदेकडे बघितलं. ती एका डोळ्याने छताकडे बघत होती, जसं काही झालंच नाही.

"नाही," बाई म्हणाल्या. "बाहुली मला दिसलीच नाही. ती माझ्याच नियमाने गेली होती. आणि चार दिवस दुखणं अंगावर काढलं त्यांनी, ते मी हसेन म्हणून."

भावाचा चेहरा उतरला.

"अगं बाई!" नणंद पलंगावरून कडाडली. "एक खोटं तरी धड बोलू देशील का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या बाजूने बोलत होते मी!"

बाईंना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. त्यांनी नणंदेचा हात धरला, आणि नणंदेने तो सोडवून घेतला नाही.