उपोसथातलं पाणी

बुद्ध पौर्णिमेची मिरवणूक भर दुपारी नका काढू म्हणून मी कमिटीशी भांडली होती. कोण ऐकते! शेवटी पाण्याचं सारं माह्याच गळ्यात पडलं. मी मिलच्या दवाखान्यात नर्स, तोंडाची फटकळ. अकरापासून माइकवर ओरडून राहिली होती: "तहान नसली तरी दर पाणपोईवर पेलाभर प्या! लिंबू-मीठ-साखरेचं आहे. दहा मिनिटं सावलीत बसा, डोकं झाका. चक्कर आली, मळमळलं, पोटऱ्या वळल्या तर चालू नका. कोणी बरळायले लागलं तर मले बोलवा!"

माही सासू सत्यवती पांढऱ्या लुगड्यात झेंड्यामागं चालत होती. छप्पनच्या दीक्षेपासून तिनं पौर्णिमेचा उपोसथ, म्हणजे आपला धम्मातला उपास, चुकवला नाही. दोन पाणपोयांवर तिनं पेला हाती घेतलेला मी पाहिला, म्हणून निर्धास्त होती.

तिसऱ्या पाणपोईवर शेजारीण रंभाबाई म्हणाली, "शोभा वं, तुही सासू पेला घेते अन् मागच्याले देते. एक घोट नाही घेतला तिनं."

मी धावली. "माय, काहून नाही प्याली?"

"बारा वाजून गेले. उपोसथात आता काही घेत नाही."

"अवं, दुपारनंतर जेवण नाही! पाण्याले कोण नाही म्हणते?"

"पहिले एकादशी निर्जळ करत होतो. आता आपल्या धम्मात सूट मागू?"

माह्या अंगाची आग झाली. माह्यावर तिचा भरवसा नव्हता. भंतेजींचं तिनं ऐकलं असतं, पण ते अर्धा मैल पुढं होते. त्यायले आणाले मी कमिटीतल्या रुपरावले सायकलवर पिटाळलं.

तेवढ्यात ती झोकांडली. "तारा, गाय बांधली का?" म्हणाली. तारा माही नणंद, मरून वीस वर्षं झाली. मी हात लावला तर अंग तव्यावानी तापलेलं, घामाचा थेंब नाही.

एका बाईनं पेला तिच्या ओठाले लावला. मी हातानं उडवला.

"शुद्धीत नाही ते! पाणी छातीत जाईल!"

"सून आहे ना, मरतानाही पाणी नाही पाजत," मागून कोणीतरी बोललंच. बोला म्हटलं! तिले कडुलिंबाखाली निजवलं, माठच्या माठ अंगावर ओतले, ओल्या लुगड्यावर पोत्यानं वारा घातला. सरबतवाल्याचा बर्फ काखेत, मानेले लावला. तसंच वारा घालत मेटाडोरमधून दवाखान्यात नेलं. रस्ताभर मी रडत होती अन् शिव्या देत होती.

संध्याकाळी ताप उतरला. सलाइन चालू होतं. भंतेजी खाटेजवळ उभे होते. तिनं डोळे उघडले.

"पाणी तर नाही पाजलं ना?"

"नाही."

"मग उपोसथ मोडला नाही."

भंतेजींनी पेला भरला अन् तिच्यासमोर घटाघटा प्याले. "माय, मीही उपोसथातच आहे. पाणी चालते."

ती पेल्याकडे पाहत राह्यली, मग माह्याकडे.

"मग हे तू माइकवर काहून नाही सांगितलं वं?"

दिवसभर घसा फोडला होता मी. भंतेजींच्या हातचा पेला घेतला, पुन्हा भरला अन् तिच्या ओठाले लावला.