नववा चौरस

"शपथेवर सांगतो, कोणाला पटायचं नाही," भाऊरावांनी पाय खाटेवर घेतले, "पण आमच्या गावात एक म्हैस खो-खो खेळायची. खांबाला शेपटी गुंडाळून अशी गर्रकन वळायची!"

एरवी एवढ्यावर नात खिदळली असती. आज श्रुतिका खिडकीच्या गजाला गाल लावून बसली होती. खाली सोसायटीच्या आवारात पोरी पळत होत्या.

"म्हैस नंतर, आजोबा. सरांनी मला का काढलं? मी हळू पळते का?"

सरांचं पत्र भाऊरावांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. सकाळी कामाला निघताना सुनेनं, माधुरीनं, ते त्यांच्या हातात कोंबलं होतं. "बाबा, मी तोंड उघडलं की रडेन. तुमचं ऐकते ती. पण खरं सांगा हां, गोष्ट नको."

खेळाच्या यज्ञेश सरांनी सरळच लिहिलं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या संघात श्रुतिकाचं नाव नाही, ते खेळ कमी पडला म्हणून नव्हे. निवड चाचणीत पहिल्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्या तरी ही एकटी पळत राहिली. तिच्यासारखी हुलकावणी शाळेत कोणालाच जमत नाही. पण दोनदा ती खांब धरून खाली बसली, ओठ निळे पडले. जिल्ह्याला नावं पाठवताना प्रत्येकीचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. डॉक्टरांनी छाती तपासली, हृदयाचा वेगळाच आवाज ऐकला आणि सही केली नाही. मोठ्या इस्पितळात तपासणी होईपर्यंत तिला पळू देऊ नका, असं त्यांनी बजावलं. नावं द्यायची मुदत संपत आल्यानं बारावी जागा दुसरीला द्यावी लागली. 'ती रोज विचारते. मला सांगवत नाही. कृपया घरीच समजवा.'

भाऊरावांनी कागद उलगडला. खरं अगदी जिभेवर आलं. मग त्यांना तिच्या मानेवरची उडणारी शीर दिसली.

"हळू? छ्या! ऐक गो. सर लिहितात, औंदा नवा नियम निघालाय. चौरसांत पोरी बसतात ना, तसा एक नववा चौरस आखायचा. मधोमध. सगळ्यात हुशार पोरीसाठी. तिनं राणीसारखं बसायचं नि नुसत्या खुणा करायच्या. म्हणून तुझं नाव वेगळं ठेवलंय!"

श्रुतिका वळली. हसली नाही. त्यांच्या हातातला कागद बघत राहिली.

"राणीला आइस्क्रीमसुद्धा..."

"खोटं!" ती ओरडली, आणि तेवढ्यानंही तिला धाप लागली. एक हात छातीशी गेला. "चौरस आठच असतात, आजोबा. नववी बसत नाही. नववी पळते."