सवडीने कळवावे

मुलाखतीनंतर दोन आठवडे श्रीरामपूरच्या शाळेकडून काहीच कळले नाही, तेव्हा दयाने संस्थेच्या चिटणिसांना पत्र लिहिले आणि टाकण्याआधी साराबाईंना दाखवले. साराबाई निवृत्त मुख्याध्यापिका. केडगावच्या त्यांच्या घरात दया वर्षभर भाड्याने राहत होती. नगरच्या शाळेतले रजेच्या जागेवरचे तिचे काम एप्रिलमध्ये संपले होते.

साराबाईंनी मोठ्याने वाचले, "'उमेदवारांना असे ताटकळत ठेवणे योग्य नव्हे. आठवड्यात निर्णय न कळवल्यास मला दुसरीकडे नोकरी स्वीकारावी लागेल.' दुसरीकडे म्हणजे कुठे गं?"

"कुठेच नाही, बाई. म्हटलं, जरा घाई करतील."

"'अवश्य स्वीकारा,' असंही कळवतील."

दया हसली. "मग गप्पच बसू का?"

"गप्प कशाला? विचार ना. चिटणीस एकटे ठरवत नाहीत, समिती बसावी लागते. एक सभासद गावाला गेला तरी सगळं अडतं. दोष दिलास तर उत्तर देणं त्यांना अवघड होईल. साधं विचारलंस तर सोपं."

दया पाणी भरायला गेली. साराबाई पेन्सिल हातात धरून बसून राहिल्या. ते शेवटचे वाक्य तसेच राहिले, तर जागा बहुधा दुसऱ्या कोणाला जाईल. दया नगरमध्येच पुन्हा एखादी रजेची जागा शोधील आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन ताटे मांडली जातील. बाहेर बादली ठेवल्याचा आवाज झाला. साराबाईंनी ते वाक्य खोडले.

मग त्यांनी सांगितले आणि दयाने लिहिले: 'गणित शिक्षिकेच्या जागेसाठी वीस मे रोजी आपण माझी मुलाखत घेतलीत, त्याबद्दल आभारी आहे. या जागेवर काम करण्याची माझी इच्छा कायम आहे. निर्णय साधारण केव्हा अपेक्षित आहे, हे सवडीने कळवावे. आणखी काही कागदपत्रे हवी असल्यास पाठवीन.'

आठवड्याभरात उत्तर आले. अध्यक्ष आजारी असल्याने बैठक लांबली होती. आता ती झाली होती आणि दयाची निवड झाली होती. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी साराबाई तिला एस.टी.त बसवून आल्या.

पोहोचल्याचे पत्र लगेच आले. नंतर मात्र काहीच नाही. दोन आठवड्यांनी साराबाईंनी पोस्टकार्ड घेतले. 'तुझे पत्र नाही. माणसाने इतक्या लवकर विसरू नये. मी इथे एकटी…' एवढे लिहून त्या थांबल्या. चष्मा पुसून त्यांनी ते पुन्हा वाचले, कार्ड बाजूला ठेवले आणि दुसरे घेतले.

'चि. दया, तुझ्या वर्गातल्या मुली कशा आहेत, हे ऐकण्याची उत्सुकता आहे. सवडीने कळव. इकडून काही हवे असल्यास पाठवीन.'

खाली बरीच जागा उरली होती. ती तशीच ठेवून त्यांनी कार्ड उलटले आणि पत्ता लिहिला.