रिकामा कोपरा

एकाच औषधावरचे एकवीस अभ्यास एकत्र करून आमच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी फनेल प्लॉट, म्हणजे उलट्या नरसाळ्यासारखा आलेख, पडद्यावर लावला. एक ठिपका म्हणजे एक अभ्यास; मोठे अभ्यास वर, छोटे खाली. औषधाचा गुण जास्त तसा ठिपका उजवीकडे. खालचा डावा कोपरा उजव्यासारखाच भरलेला हवा होता, पण तो रिकामा होता.

"गुण न आलेले छोटे अभ्यास कुणीतरी दाबलेत," त्या म्हणाल्या.

मी तोऱ्यात म्हणालो, "एवढ्यावरून तसं ठरत नाही. छोट्या अभ्यासांतले रुग्ण जास्त आजारी असतील, म्हणून गुण जास्त दिसला असेल. नाहीतर निव्वळ योगायोग."

त्यांनी अहवालाच्या मसुद्यातलं ते वाक्य खोडलं. "तुमच्यासारखं तोलूनमापून बोलायला शिकायला हवं, सर."

माझा शब्द न् शब्द बरोबर होता. त्याच औषधावरचा, तीस रुग्णांचा, गुण न आलेला माझा अभ्यास मात्र सहा वर्षं माझ्याच कपाटात पडून होता.