हौसाबाईंच्या खांद्यावरचा हिरवा

ठाकुर्लीच्या आपल्या स्टुडिओत हिरवा पडदा लावल्यापासून आनंदच्या अंगात वारं शिरलं होतं. तीस वर्षं पासपोर्ट फोटो काढण्यात घालवलेला माणूस, आता येईल त्याला सांगे, "पडद्यासमोर बसा, कॉम्प्युटरवर पडदा पुसून म्हणाल तिथे नेऊन उभं करतो." आजवर नेलेल्या बहुतेकांचे कान वाटेत कुरतडले गेले होते, हे मात्र तो सांगत नसे.

मानपाड्याचा ऋतुराज आपल्या ऐंशी वर्षांच्या आजीला, हौसाबाईंना, घेऊन आला. "काका, हा आजोबांचा फोटो. ह्यांच्या बाजूला आजीला उभं करायचंय. होईल ना?"

पस्तीस वर्षांपूर्वीचा रंगीत फोटो. टोपी घातलेले विठ्ठल आजोबा गावच्या देवळासमोर उभे, आणि शेजारी एका माणसापुरती मोकळी जागा.

"मला हाक मारली होती त्यांनी," हौसाबाई म्हणाल्या. "थोरले दीर समोर बसलेले. लाज वाटली. दाराआडच राहिले. फुडल्या साली माझे मालक गेलेच. दोघांचा फोटो काय झाला न्हाई."

"आता होईल, आजी!" आनंद असा काही म्हणाला, जणू काळच मागे फिरवणार होता. मग तासभर त्याने जीव ओतून पडद्याच्या सुरकुत्या काढल्या आणि हौसाबाईंना पडद्याला जवळजवळ टेकवूनच उभं केलं.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर पडदा एका क्लिकमध्ये गेला, पण जाताना रंग ठेवून गेला. कापडावर आपटलेला उजेड उलटून आजींच्या अंगावर आला होता. पांढऱ्या केसांच्या सुट्या बटा शेवाळलेल्या, पांढऱ्या लुगड्याचे खांदे पोपटी. माणसाला पडद्यापासून सहा फूट पुढे उभं करावं, पडद्यावर वेगळा लाईट टाकावा, हे आनंदला पाठ होतं. स्वतःच्या पुतण्याला त्याने यावर व्याख्यानही दिलं होतं. पण त्याच्या खोलीत पडद्यापासून सहा फुटांवर समोरची भिंत होती. मग कॅमेरा काय रस्त्यावर लावायचा?

म्हणून त्याने दुसरा उपाय केला. कॉम्प्युटरवर फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा मिसळून बनतो; जिथे जिथे हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाईल, तिथे त्याला खाली ओढायचं. केस आणि खांद्यांपुरतं हे करायला हवं होतं. पण एवढं निवडत कोण बसतो? त्याने सगळ्या फोटोलाच ते लावलं. केस पुन्हा पांढरेशुभ्र झाले. कपाळावर आणि हनुवटीवर तेवढे करडे, मळकट ठिपके दिसायला लागले. वयाचे डाग, दुसरं काय! आनंदने ब्रश घेऊन तेही पुसले, आणि आपल्याच उदारपणावर खूश झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्क्रीन वळवून दाखवली. "बघा आजी! हिरव्याचा कणही ठेवलेला नाही."

ऋतुराज म्हणाला, "एक नंबर, काका!"

हौसाबाईंनी स्क्रीनजवळ वाकून पाहिलं. "ही कोण बाई उभी केलीस त्यांच्याशेजारी?"

"तुम्हीच की, आजी."

"माझं गोंदण कुठाय?"

आनंदने मान वर करून पहिल्यांदा त्यांचा चेहरा पाहिला. कपाळावर मधोमध हिरवट ठिपका, हनुवटीवर तीन. काल तासभर ही बाई त्याच्यासमोर उभी होती, आणि हा शहाणा कापडाच्या घड्या बघत बसला होता.

"ते गेले तवा बायांनी कुकू पुसलं," हौसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बांगड्या फोडल्या. हे तेवढं राहिलं, ते कुणाला पुसता येत नव्हतं म्हणून. तू पुसलंस, बाबा. आता ते वळखतील का मला?"

आनंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातून नुसतं "थांबा, आजी" निघालं. मूळ फोटो जपून ठेवण्याएवढी अक्कल निदान शाबूत होती. तो पुन्हा पहिल्यापासून बसला. फोटोवर चढवायचा तो हिरवा खाली ओढणारा थर या वेळी त्याने फक्त बटांवर आणि खांद्यांच्या कडांवर ठेवला. एकेका केसाच्या कडेने जाताना त्याचे डोळे पाणावले. चष्म्याचा नंबर वाढलाय, असं त्याने ऋतुराजला सांगितलं. चेहऱ्याला हात लावला नाही. दोन तास हौसाबाई बाकावर बसून होत्या.

"आता बघा."

देवळासमोर विठ्ठल आजोबा होते. शेजारी पांढऱ्या केसांच्या हौसाबाई, गोंदणासकट. एका कानामागे थोडा पोपटीपणा अजून राहिला होता, आणि एरवी आनंदने त्याचंही काहीतरी समर्थन केलं असतं.

हौसाबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनवरच्या टोपीवाल्या माणसाला म्हणाल्या, "आले बघा. जरा उशीर झाला."

आनंदने थर, कडा, सरासरी असं पुष्कळ काही समजावून सांगायचं ठरवलं होतं. त्याऐवजी त्याने प्रिंटरमध्ये कागद घातला.