धाकटीच्या पाठीवरचे पट्टे

माझ्या थोरल्या लेकाचं एक वागणं मला मुळीच पटत नव्हतं. माझी धाकटी सून बंदरात मेलेली सापडल्यापासून कुणी मला काही विचारलं, की हा मध्ये तोंड घालायचा. "आईला त्रास नको." जशी काही माझी जीभ याच्याकडे गहाण होती.

तपासाचे साहेब आले ते चिंब भिजून. धक्का, बर्फाचा कारखाना, खलाशांची खानावळ, सगळं पायाखाली घातलेलं. डोळ्यांत वर्षभराची झोप. मी टॉवेल दिला आणि म्हटलं, "बूट बाहेर काढा. पूर गावात आलाय, माझ्या घरात नाही."

ते हसले नाहीत, पण बूट काढले.

थोरला लगेच सुरू झाला. "विधवा बाई, साहेब. मन लागत नव्हतं. संध्याकाळी निघाली, घेतली असणार उडी. सकाळी गळाला लागली."

साहेब माझ्याकडे बघून बोलले, "आजी, माणूस मेला की रक्त खालच्या अंगाला उतरतं. बुडालेला पाण्यात पालथा लोंबकळतो, त्याचं तोंडाकडे, हातापायांत उतरतं. तुमच्या सुनेचं पाठीला साकळून बसलंय. म्हणजे मेल्यावर ती कितीतरी तास उताणी पडली होती, पाण्याबाहेर. गळाही आतून दुखावलाय. आणि पाठीवर आडवे फिके पट्टे आहेत. अंग जिथं दाबलं जातं, तिथं रक्त उतरत नाही. फटी ठेवून ठोकलेल्या फळ्या कुठं आहेत तुमच्याकडे?"

"कुठंच नाहीत," थोरला म्हणाला.

मी हातातली कपबशी खाली ठेवली. जाळी कुजू नयेत, खालून वारा खेळावा, म्हणून आमच्या गोदामात तशाच फळ्या आहेत. किल्ली याच्याच कमरेला.

धाकटीला जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरच्या मिस्त्रीशी लग्न करायचं होतं. मी हो म्हटलं होतं. एवढीशी पोर, माझ्या मेलेल्या लेकाच्या फोटोखाली म्हातारी व्हायची? आणि कर्ता म्हणून विश्वासानं एकालाच सांगितलं, या थोरल्याला. "तू म्हणशील तसं, आई," म्हणाला होता.

"साहेब, चला," मी म्हटलं.

गोदामात पत्र्यावर पाऊस बडवत होता. साहेबांनी फळ्यांवर टेप धरली, खिशातल्या फोटोवरचे आकडे पाहिले, पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघायचं टाळलं.

"लोकांनी तोंडात शेण घातलं असतं, आई," थोरला पुटपुटला. "विधवा सून घरातून नवरी होऊन जाणार. घराची अब्रू..."

"अब्रू?" मी म्हटलं. "तिनं राजरोस विचारून लग्न ठरवलं, तू चोरून जीव घेतलास. सांग, अब्रू कुणाची गेली? कोर्टात मी स्वतः उभी राहून सांगेन, तुला हे माझ्या तोंडून कळलं होतं. वकील तुझा तू बघ. तिला मात्र मी सून म्हणून नाही, लेक म्हणून अग्नी देईन, आणि मिस्त्री माझ्या शेजारी उभा राहील. चल, साहेब थांबलेत."